तीन समीकरणे, तीन चले, तरीही उत्तर एक का नाही?

प्रश्न: मी रत्नागिरीला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. लिनिअर अल्जिब्राच्या स्लाइड्समध्ये तीन समीकरणं घेऊन रो रिडक्शन केलंय, शेवटची ओळ सगळी शून्य आली, मग "रँक २, म्हणून अनंत उकली" असं लिहून विषय संपवलाय. समीकरणं तीन आणि चलंही तीन असताना एकच उत्तर का येत नाही? आणि रँक म्हणजे नक्की काय मोजतात?

उत्तर:

लिहिलेली समीकरणे तीन असली म्हणजे त्यांतून तीन वेगवेगळ्या गोष्टी कळल्या असे होत नाही. एखादे समीकरण उरलेल्या दोघांतून आपोआप निघत असेल, तर ते कागदावर असले काय आणि नसले काय, उत्तरात काहीच फरक पडत नाही. मॅट्रिक्समधून जास्तीत जास्त किती ओळी अशा निवडता येतात की त्यांतली कोणतीही ओळ बाकीच्या निवडलेल्या ओळींना संख्यांनी गुणून आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून मिळणार नाही, ती संख्या म्हणजे रँक. ही व्याख्या वाचून समजते, पण पटते ती एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवल्यावरच, म्हणून तसे एक घेऊ.

मालवणच्या बाजारपेठेतील एका दुकानाची तीन बिले आपल्या हाती आहेत असे समजा. बिलांवर फक्त नग आणि एकूण रक्कम आहे. प्रत्येक वस्तूचा भाव लिहिलेला नाही. फणसपोळीच्या एका पाकिटाचा भाव x रुपये, कोकम आगळाच्या एका बाटलीचा y रुपये आणि काजूगराच्या एका पाकिटाचा z रुपये मानू. पहिल्या बिलात एक पाकीट फणसपोळी, दोन बाटल्या आगळ आणि एक पाकीट काजूगर मिळून ६४० रुपये झाले आहेत, आणि उरलेली दोन बिलेही तशीच आहेत:

```
 x + २y +  z =  ६४०
२x + ५y +  z = ११००
 x +  y + २z =  ८२०
```

या तीन बिलांत कोणतेही बिल दुसऱ्याची सरळ पट नाही. नुसते पाहून तिन्ही वेगळीच वाटतात, आणि म्हणूनच ओळी कमी करण्याची रीत लागते. चलांची नावे गाळून फक्त सहगुणक आणि उजवीकडच्या रकमा लिहिल्या की विस्तारित मॅट्रिक्स तयार होते. तिच्या ओळींना R१, R२, R३ म्हणू.

```
१  २  १ |  ६४०
२  ५  १ | ११००
१  १  २ |  ८२०
```

ओळींवर तीनच क्रिया करायच्या असतात: दोन ओळींची अदलाबदल, एखाद्या ओळीला शून्येतर संख्येने गुणणे, आणि एका ओळीत दुसऱ्या ओळीची कोणतीही पट मिळवणे. या तिन्ही क्रिया उलट करून मूळ ओळी परत मिळवता येतात, आणि त्यामुळेच नव्या समीकरणांच्या उकली नेमक्या जुन्याच राहतात. ना एखादी वाढते, ना हरवते. शून्याने गुणण्याला मनाई आहे ती याच कारणाने, कारण शून्य झालेल्या ओळीतून मूळ ओळ परत मिळत नाही.

पायऱ्यांच्या मांडणीत ओळीतील पहिली शून्येतर संख्या म्हणजे पिव्हट; पहिल्या ओळीतील पहिला १ हा आपला पहिला पिव्हट. त्याच्या खालच्या संख्या घालवण्यासाठी R२ मधून R१ ची दुप्पट वजा करू आणि R३ मधून R१ वजा करू.

```
१  २  १ |  ६४०
०  १ -१ | -१८०
०  -१  १ |  १८०
```

आता दुसऱ्या ओळीतील १ हा दुसरा पिव्हट झाला. त्याच्या खाली -१ आहे, म्हणून तिसऱ्या ओळीत दुसरी ओळ मिळवू.

```
१  २  १ |  ६४०
०  १ -१ | -१८०
०  ०  ० |    ०
```

ही पायऱ्यांसारखी मांडणी झाली की शून्य नसलेल्या ओळी मोजायच्या. येथे त्या दोन आहेत, म्हणून रँक २. ही मोजणी का चालते, हे स्लाइडवर बहुधा एका ओळीत उरकलेले असते. प्रत्येक शून्येतर ओळीचा पिव्हट अशा स्तंभात असतो जेथे त्याच्या खालच्या सर्व ओळींत शून्य असते, त्यामुळे वरची ओळ खालच्या ओळींतून कधीच तयार होऊ शकत नाही. अर्थात उरलेल्या शून्येतर ओळी खरोखर स्वतंत्र असतात. तुम्ही वेगळ्या क्रमाने क्रिया केल्यात तर मधल्या संख्या वेगळ्या दिसतील, पण पिव्हटांची संख्या तीच येईल.

तिसरी ओळ शून्य झाली, याचा अर्थ "x, y, z शून्य आहेत" असा मुळीच नाही. तो अर्थ काय आहे, हे केलेल्या क्रिया उलगडून पाहता येते. आपण तिसऱ्या ओळीत मूळ R३ मधून R१ वजा केली, आणि मग R२ वजा R१ ची दुप्पट, ही ओळ मिळवली. सर्व एकत्र केले तर R३ + R२ - ३R१ शून्य झाले, म्हणजे R३ = ३R१ - R२. पडताळून पाहा: पहिल्या बिलाच्या तिप्पट ३, ६, ३ आणि १९२०, त्यातून दुसरे बिल वजा केले की १, १, २ आणि ८२०. नेमके तिसरे बिल. दुकानदाराने ते दिलेच नसते, तरी आपण घरी बसून ते लिहू शकलो असतो, आणि म्हणून त्याने भावांविषयी नवे काहीच सांगितले नाही.

आता उकल काढू. पायऱ्यांच्या मांडणीत पहिल्या ओळीतून बदललेल्या दुसऱ्या ओळीची दुप्पट वजा केली की पहिली ओळ १, ०, ३ आणि १००० अशी होते. पिव्हट पहिल्या दोन स्तंभांत आहेत. z च्या स्तंभात पिव्हट नाही, म्हणून z हे मुक्त चल आहे. त्याची किंमत आपण ठरवायची आणि उरलेली दोन त्यावरून निघतात:

```
x = १००० - ३z
y = z - १८०
```

z = ३०० घेतल्यास x = १०० आणि y = १२०. z = २५० घेतल्यास x = २५० आणि y = ७०. दोन्ही संच तिन्ही बिलांत बसतात. एकदा हाताने घालून पाहाच. मुक्त चलांची संख्या नेहमी एकूण चले वजा रँक इतकी असते, येथे ३ - २ = १. "अनंत उकली" म्हणजे वाटेल ते उत्तर चालेल असेही नाही. z ठरले की x आणि y बांधले गेले. शिवाय भाव शून्यापेक्षा मोठे हवेत ही अट घातली, तर z हे १८० पेक्षा मोठे आणि ३३३ रुपये ३३ पैशांच्या किंचित पुढपर्यंतच राहू शकते. ही मर्यादा मात्र मॅट्रिक्स सांगत नाही. ती आपल्याला बाहेरून लावावी लागते.

समजा तिसऱ्या बिलाची रक्कम ८२० ऐवजी ८३० असती. डावीकडच्या संख्या त्याच, म्हणून क्रियाही त्याच, पण शेवटची ओळ ०, ०, ० आणि उजवीकडे १० अशी आली असती. ही ओळ सांगते की ० = १०, आणि असे भाव जगात असू शकत नाहीत; कोणत्या तरी बिलात बेरीज चुकली आहे किंवा मधल्या काळात भाव बदलला आहे. अशा वेळी सहगुणकांच्या मॅट्रिक्सची रँक २ राहते आणि विस्तारित मॅट्रिक्सची ३ होते. म्हणून "रँक २, म्हणून अनंत उकली" हे स्लाइडवरील वाक्य अपुरे आहे. आधी दोन्ही रँक समान आहेत का ते पाहायचे. समान नसतील तर उकल नाही. समान असून चलांच्या संख्येइतक्या असतील तर एकच उकल, आणि त्याहून कमी असतील तर अनंत.

एकच उत्तर हवे असेल तर खरोखर नवी माहिती देणारे बिल लागते. तिसऱ्या बिलात काजूगराची दोन ऐवजी तीन पाकिटे आणि रक्कम ११२० असेल, तर त्याच दोन क्रियांनंतर शेवटची ओळ ०, ०, १ आणि ३०० अशी येते. आता रँक ३. z = ३००, त्यावरून y = १२० आणि x = १००, दुसरे काही शक्य नाही. एका पाकिटाच्या फरकाने मुक्त चल नाहीसे झाले.

हाताने सोडवताना रँक चुकते ती बहुधा एकाच वेळी दोन ओळी बदलल्याने. मूळ पहिल्या दोन ओळींवर कोणी एकाच दमात "R१ मधून R२ वजा" आणि "R२ मधून R१ वजा" असे केले आणि दोन्हीकडे जुन्याच ओळी वापरल्या, तर -१, -३, ० आणि १, ३, ० मिळतात. त्या एकमेकींच्या उणे पट आहेत, म्हणजे दोन स्वतंत्र ओळींतून एकच उरली. एक ओळ बदलली की पुढच्या क्रियेत तिचे नवे रूप घ्यायचे, हा नियम पाळला की हे टळते. वर पहिल्या टप्प्यात मी दोन वजाबाक्या एकत्र केल्या, पण दोन्हींत वापरलेली R१ बदलली नव्हती, म्हणून ते चालले.

दुसरी जागा अपूर्णांकांची. ३, १ आणि १, १/३ या दोन ओळींची रँक १ आहे, कारण दुसरीची तिप्पट म्हणजेच पहिली. पण १/३ ऐवजी ०.३३ लिहिले तर वजाबाकीनंतर ०.०१ उरते, तो पिव्हट समजला जातो आणि रँक २ येते. त्यामुळे वहीत शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवा. उत्तर संगणकावर पडताळायचे असेल तर पायथनमधील सिंपाय पूर्णांक आणि अपूर्णांक अचूक हाताळते:

```
from sympy import Matrix
Matrix([[1,2,1,640],[2,5,1,1100],[1,1,2,820]]).rref()
```

उत्तरात आधी कमी केलेली मॅट्रिक्स येते आणि तिच्यापुढे पिव्हटांचे स्तंभ, येथे `(0, 1)`. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे हे पहिला आणि दुसरा स्तंभ. ८२० च्या जागी ८३० घातले की `(0, 1, 3)` दिसेल: शेवटचा पिव्हट रकमांच्या स्तंभात गेला आहे, आणि उकल नसल्याची खूण तीच.