पुढच्या तारखेचा चेक बँक कोणत्या दिवसापासून घेते?

प्रश्न : पुढच्या तारखेचा चेक म्हणजे नक्की काय, आणि तो बँक कोणत्या तारखेपासून घेऊ शकते? निपाणीच्या एका व्यापाऱ्याने मला तंबाखूच्या पैशांपोटी १२ मार्चला ८४,००० रुपयांचा चेक दिला, पण त्यावर १० मे २०२६ ही तारीख घातली आहे. माझे खाते कागलच्या बँकेत आहे.

उत्तर :

तुमच्या हातातला कागद आज दिसायला चेक असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो १० मेपर्यंत चेक नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ प्रमाणे चेक म्हणजे मागताक्षणी पैसे देण्याचा बँकेला दिलेला लेखी हुकूम होय. ज्यावर पुढची तारीख घातली आहे, त्याचे पैसे आज मागता येत नाहीत. म्हणून त्या तारखेपर्यंत तो केवळ मुदतीच्या हुंडीसारखा दस्तऐवज असतो आणि त्यावरील तारीख उजाडते त्या दिवशी तो चेक होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली नेमके हेच सांगितले, आणि तुमच्या प्रश्नाचे बाकी सारे उत्तर यातूनच निघते.

बँक चेक ‘घेते’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. तुमची बँक तो चेक आधी ताब्यात घेऊन तारखेपर्यंत जपून ठेवू शकते. काही बँका ही सोय देतात, तर बहुतेक शाखांतील कर्मचारी तारीख पाहून चेक परत देतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. मात्र पैसे देण्यासाठी तो व्यापाऱ्याच्या बँकेकडे सादर होणे आणि त्याच्या खात्यातून रक्कम वळती होणे, हे चेकवरच्या तारखेआधी होता कामा नये. चेक तुम्हाला मार्चमध्ये मिळाला, याला या हिशेबात काहीही महत्त्व नाही.

आता तुमचाच चेक घेऊ. १० मे २०२६ रोजी रविवार आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी, ९ मे रोजी, महिन्यातला दुसरा शनिवार असल्याने बँका बंद असतील. म्हणून तो भरण्याचा पहिला खरा दिवस सोमवार, ११ मे हा आहे. रविवार आहे म्हणून शुक्रवारीच भरून टाकू, असे करू नका. सुट्टीमुळे दिवस पुढे जातो, मागे येत नाही. शुक्रवारी तुम्ही तो शाखेबाहेरच्या पेटीत टाकलात आणि कोणाच्या नजरेस न पडता तो पुढे गेला, तर ‘पुढील तारखेचा चेक’ असा शेरा घेऊन तो परत येईल आणि कदाचित तुमच्या खात्यावर त्याचे शुल्कही पडेल. अशा परतीने तुमचा हक्क मात्र जात नाही, कारण तोच चेक सोमवारी पुन्हा भरता येतो.

येथे पुष्कळ लोक एक मोठी चूक करतात. तारखेआधी परत आलेल्या चेकचा मेमो घेऊन ते थेट वकिलाकडे जातात आणि चेक न वटल्याची नोटीस पाठवतात. अशी नोटीस टिकत नाही. कलम १३८ चा गुन्हा घडण्यासाठी मुळात तो चेक असावा लागतो, आणि ८ मे रोजी तो चेकच नव्हता. त्या दिवशी खात्यात पैसे ठेवण्याचे बंधन व्यापाऱ्यावर नव्हते. याहून वाईट म्हणजे मुदत लवकर यावी म्हणून तारखेतला आकडा गिरवून बदलणे. देणाऱ्याच्या संमतीवाचून केलेला असा महत्त्वाचा बदल त्या दस्तऐवजालाच निरर्थक ठरवतो. म्हणजे उशिरा का होईना, पण मिळणारे पैसेही धोक्यात येतात.

बँकेची चूक झाली तर काय होते, हे मी घरातच पाहिले आहे. माझ्या काकांनी बेळगावातल्या गाळ्याच्या भाड्यापोटी पुढच्या तारखांचे चेक देऊन ठेवले होते, आणि त्यांतील एक चेक त्यांच्या बँकेने तारखेच्या सहा दिवस आधी वटवला. त्यामुळे खात्यात शिल्लक उरली नाही आणि मधल्या काळात आलेला दुसरा, योग्य तारखेचा चेक परत गेला. काकांनी शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज देऊन सोबत चेकची प्रत जोडली. बँकेने ती रक्कम खात्यात परत जमा केली, परतीचे शुल्कही मागे घेतले आणि ठरलेल्या तारखेलाच ती पुन्हा खर्ची टाकली. कायदा येथे देणाऱ्याच्या बाजूने उभा असतो, कारण चेकवर जे लिहिले आहे त्यानुसार पैसे दिले तरच बँकेला संरक्षण मिळते आणि तारखेआधी दिलेले पैसे त्यात बसत नाहीत. तारीख येण्याआधी देणाऱ्याला तो चेक थांबवण्याचा हक्क असतो, आणि आधीच पैसे देऊन बँक तो हक्क हिरावून घेते.

दुसऱ्या टोकाची मर्यादाही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार चेकची मुदत सहा महिन्यांऐवजी तीन महिने झाली, आणि हे तीन महिने चेकवरच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्हाला तो मिळाल्या दिवसापासून नव्हे. तुमच्या चेकचे तीन महिने १० ऑगस्टच्या आसपास भरतात, पण ८ ऑगस्टला दुसरा शनिवार आणि ९ ऑगस्टला रविवार येतो. तेव्हा व्यवहारात शुक्रवार, ७ ऑगस्ट हाच शेवटचा दिवस समजावा. व्यापाऱ्याने ‘जरा थांबा, वखारीतला माल उठला की भरा’ असे सांगितले, तर थांबण्याची सीमा ही आहे. त्यानंतर जुन्या चेकला काही किंमत राहत नाही आणि नवा चेक देणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

एक बदल मात्र व्यापाऱ्यालाही ठाऊक असावा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर चालू असते आणि दुपारी चारपर्यंत सादर झालेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो. पूर्वी चेक भरला तरी एक रात्र हाताशी असे आणि अनेक जण दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरून वेळ मारून नेत. आता तसे होत नाही. म्हणून ११ मेच्या आधी दोन दिवस त्याला एक निरोप धाडणे तुमच्याही हिताचे आहे.

तरीही तो चेक खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत आला, तर मेमो जपून ठेवा. तो हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते आणि ती मिळाल्यापासून व्यापाऱ्याला पैसे देण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. नोटीस त्याला २५ मे रोजी मिळाली असे धरले, तर ते दिवस ९ जूनला संपतील आणि पुढच्या एका महिन्यात तुम्हाला तक्रार दाखल करावी लागेल. चेक निपाणीच्या बँकेचा आहे म्हणून त्यासाठी तुम्हाला कर्नाटकातच फेऱ्या माराव्या लागतील असे नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ज्या शाखेत तुमचे खाते आहे त्या भागातील न्यायालयात ही तक्रार चालते. तुम्ही चेक कागलच्या खात्यातून भरणार असल्यामुळे ती तिकडच्याच न्यायालयात करता येईल.