चाळीचा लाल रंग कॅमेरा वळवल्यावर गायब होतो, त्याबद्दल

तुझा गिरगावच्या चाळीचा स्क्रीन-स्पेस ग्लोबल इल्युमिनेशनचा, म्हणजे फक्त स्क्रीनवर दिसणाऱ्या गोष्टींवरून उसळलेला प्रकाश काढणारा सीन पाहिला. उन्हातल्या लाल भिंतीची झाक गॅलरीच्या पांढऱ्या छतावर छान उतरली आहे. पण कॅमेरा वर केला, भिंत फ्रेमबाहेर गेली, की छत काळवंडतं. सगळे पहिल्यांदा इथेच अडकतात.

कारण साधं आहे. छताच्या पिक्सेलवरून सोडलेला किरण डेप्थ बफरमध्येच भिंत शोधतो. ती तिथे नसेल तर किरण रिकामा परततो, आणि तू त्याला शून्य प्रकाश देतोस. रिकामा किरण म्हणजे अंधार नव्हे. तिथे काय आहे ते स्क्रीनला माहीत नाही, एवढंच. त्या दिशेचा प्रकाश लाइट प्रोबमधून घे:

```
L = mix(probe(dir), hitColor, conf);
```

किरण चुकला तर `conf` शून्य. लागला तर एक, पण लागलेली जागा स्क्रीनच्या कडेच्या साधारण दहा टक्के पट्ट्यात असेल तर हळूहळू शून्याकडे ने, म्हणजे रंग झटक्यात जाणार नाही. प्रोबचा प्रकाश `hitColor` मध्ये बेरीज करू नकोस, `mix` च कर. नाहीतर तोच प्रकाश दोनदा मोजला जातो आणि छत फटफटीत दिसतं. प्रोब गॅलरीतच बेक कर, आकाशाचा वापरलास तर लालऐवजी निळं छत मिळेल.

आणखी एक: `hitColor` मध्ये फक्त थेट प्रकाशाचा रंग दे. मागच्या फ्रेमचं पूर्ण चित्र दिलंस तर प्रकाशाची उसळी एकावर थांबत नाही, दर फ्रेमला साचत जाते.

डीनॉयझरला सध्या हात लावू नकोस.