बीजी ट्रॅकर: क्लेमची तारीख फॉर्म्युल्याने काढू नका

"दोनशेच्या आसपास बीजींमधून, म्हणजे बँक गॅरंटींमधून, रक्कम, व्हॅलिडिटी आणि क्लेम पीरियड काढून ट्रॅकर करायचाय. क्लेमची तारीख प्रत्येक बीजीत शोधण्यापेक्षा व्हॅलिडिटी + ३ महिने असा फॉर्म्युला लावला तर चालेल का?"

नका लावू. मी लावला होता.

आमच्या एका ४० लाखांच्या परफॉर्मन्स बीजीत व्हॅलिडिटी ३१/०३/२०२२ आणि क्लेम ३०/०६/२०२२ होती. मार्चमध्ये मुदतवाढीचं पत्र आलं: व्हॅलिडिटी ३०/०९/२०२२ पर्यंत, बाकी अटी व शर्ती पूर्ववत. मी व्हॅलिडिटी बदलली, क्लेमचा रकाना आपोआप पुढे सरकला आणि मी निर्धास्त झालो.

```
=EDATE(C2,3)
```

सप्टेंबरात कंत्राटदाराने काम सोडलं. ऑक्टोबरात आम्ही मागणीपत्र घेऊन शाखेत गेलो, तर उत्तर मिळालं की क्लेमची तारीख बदललेलीच नाही, ती जूनमध्येच संपली. म्हणजे व्हॅलिडिटी संपायच्या तीन महिने आधी क्लेम बंद! हास्यास्पद आहे, पण पत्रात 'बाकी अटी पूर्ववत' हेच लिहिलेलं होतं. लेखी खुलासा मागितला, तर 'साहेब रजेवर आहेत' ऐकत तीन आठवडे गेले. शेवटी तडजोडीत निम्मेसुद्धा हाती आले नाहीत. (आणि त्या फॉर्म्युल्याने ३०/१२ दिलं होतं, ३१/१२ नाही, हे नंतर लक्षात आलं.)

त्यामुळे माझं ठाम मत: क्लेमची तारीख कागदावर लिहिलेली असेल तेवढीच भरायची. नसेल तर रकाना रिकामा, लाल, आणि त्याच दिवशी बँकेला पत्र. बहुतेक बीजींच्या शेवटी Notwithstanding ने सुरू होणारा परिच्छेद असतो. रक्कम, व्हॅलिडिटी आणि 'या तारखेपर्यंत लेखी मागणी मिळाली तरच देणं लागू' ही अट तिन्ही तिथेच सापडतात. सुरुवातीच्या मजकुराशी ते जुळतंय का पाहा, नसेल तर बँकेकडून दुरुस्ती मागा. ट्रॅकरमध्ये ते वाक्य जसंच्या तसं उतरवायला एक रकाना ठेवा. भरणाऱ्याला कंटाळा येतो, पण चूक तिथेच पकडली जाते.

मुदतवाढ आली की जुनी ओळ खोडू नका, खाली नवी ओळ घाला. पत्रात जे बदललंय तेच नव्या ओळीत बदलायचं, बाकीचं मूळ ओळीतून उतरवायचं. मग क्लेम व्हॅलिडिटीच्या आधी पडला तर हे लगेच दाखवेल (C व्हॅलिडिटी, D क्लेम):

```
=IF(D2="","तारीख नाही",IF(D2<C2,"बँकेला विचारा",""))
```

आम्ही हे तेव्हा केलं असतं तर मार्चमध्येच कळलं असतं आणि कंत्राटदाराकडून दुसरं दुरुस्तीपत्र आणवता आलं असतं.

मी वकील नाही. कराराच्या कायद्यातलं कलम २८ आणि त्यातली एक वर्षाची भानगड तुमच्या लीगलला विचारा. क्लेम पीरियड आणि कोर्टात जायची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत, एका रकान्यात कोंबू नका.

आणि रिमाइंडर व्हॅलिडिटीवर लावा, क्लेमवर नाही. मी ४५ दिवस आधीचा लावतो.