‘प्रसामान्य’ म्हणजे नॉर्मल का? आणि ७४ पेक्षा ६२ वरचढ कसे?

प्रश्न: सर, मुलगा म्हापशाला अकरावी सायन्सला आहे. फिजिक्सला ६२ आणि मॅथ्सला ७४ मार्क. शीटवर बाजूला झेड-स्कोअर म्हणून १.५ आणि ०.५ लिहिलंय, आणि त्याचे टीचर म्हणतात फिजिक्समध्ये जास्त चांगलं केलंय. ७४ पेक्षा ६२ चांगले कसे काय? मराठी पुस्तकात ‘प्रसामान्य वितरण’ असा शब्द सापडला. प्रसामान्य म्हणजे नॉर्मलच ना, मग १.५ म्हणजे तो नॉर्मलच्या बाहेर गेला का?

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरू करतो, कारण ती शब्दामुळेच आली आहे. प्रसामान्य वितरण हे नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचंच मराठी नाव, पण इथला ‘नॉर्मल’ डॉक्टरांच्या रिपोर्टातला नॉर्मल नव्हे. ते फक्त एका विशिष्ट आकाराचं नाव आहे, मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतरत गेलेला, देवळातल्या घंटेसारखा, म्हणून घंटाकृती वक्र पण म्हणतात. त्या आकाराच्या आत-बाहेर कुणी नसतं, सगळे त्यातच कुठेतरी असतात. हे नाव रूढ करण्यात कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाचा मोठा हात, आणि त्यानेच पुढे १९२० साली लिहून ठेवलंय की या नावामुळे लोकांना वाटतं बाकीची सगळी वितरणं अॅबनॉर्मल आहेत. तुम्हाला आली तीच शंका. मराठीत नुसतं ‘सामान्य’ न घेता ‘प्रसामान्य’ घेतलंय ते मला आवडतं, निदान वाचणारा थबकतो आणि हा काहीतरी वेगळा शब्द आहे हे त्याच्या लक्षात येतं.

आता मार्कांकडे येऊ. नुसत्या ६२ या आकड्याला काही अर्थ नाही, तो वर्गाच्या सरासरीच्या किती वर आहे हे बघावं लागतं, आणि तेही पुरत नाही, वर्गातली मुलं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरली आहेत ते पण बघावं लागतं. हा पसरटपणा मोजायचं माप म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, मराठीत प्रमाण विचलन. हा शब्द ऐकला की मुलं घाबरतात पण पाच मुलं घेऊन हाताने करून बघा, एकदा केलं की विसरत नाही. आकडे मी मुद्दाम सोपे घेतलेत. समजा फिजिक्सला पाच जणांना ३८, ४६, ५०, ५४ आणि ६२ मिळाले. बेरीज २५०, सरासरी ५०. आता प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढा: उणे १२, उणे ४, शून्य, ४, १२. यांची सरळ बेरीज केली तर शून्य येते, कुठल्याही वर्गात करा शून्यच येणार कारण सरासरीच्या वरचं आणि खालचं एकमेकांना खाऊन टाकतं, म्हणून अंतरांचे वर्ग करायचे: १४४, १६, ०, १६, १४४. बेरीज ३२०, पाचाने भागलं की ६४, आणि मघाशी वर्ग केला म्हणून आता वर्गमूळ, ८. हे ८ मार्क म्हणजे या पेपरचं प्रमाण विचलन. मोघम बोलायचं तर या पेपरात सरासरीपासून आठेक मार्क इकडेतिकडे होणं ही रोजची गोष्ट.

झेड-स्कोअर म्हणजे मग एवढंच, की तुमच्या मुलाचं सरासरीपासूनचं अंतर अशा किती आठांचं आहे.

झेड = (मिळालेले मार्क − सरासरी) ÷ प्रमाण विचलन

६२ वजा ५० बारा, बारा भागिले आठ दीड. तुमच्या शीटवरचा १.५ अशाच हिशेबाने आला असणार, खरे आकडे माहीत नाहीत म्हणून अख्ख्या वर्गाची सरासरी ५० आणि विचलन ८ धरून चालू. मॅथ्सचं पण मी तसंच धरतो, समजा सरासरी ६८ आणि विचलन १२. मग ७४ वजा ६८ सहा, सहा भागिले बारा अर्धा. इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: मॅथ्सचा पेपर सोपा गेला होता, वर्गाचीच सरासरी ६८, आणि मुलं पसरलेली पण जास्त, त्यात सरासरीच्या सहा मार्क वर असणं ही काही मोठी उडी नाही. फिजिक्सला बहुतेक मुलं पन्नाशीच्या आसपास दाटीवाटीने अडकली होती आणि तुमचा मुलगा त्या दाटीतून बारा मार्क वर निघाला. टीचर बरोबर बोलले.

झेड शून्य आला तर शून्य मार्क नव्हेत, बरोबर सरासरीइतके. आणि उणे आला तर निगेटिव्ह मार्किंग नव्हे, वरच्या ३८ वाल्या मुलाचा झेड उणे १.५, म्हणजे तो सरासरीच्या खाली तितकाच लांब जितका ६२ वाला वर. पास-नापास यातलं झेड काहीच सांगत नाही.

इथपर्यंत घंटेच्या आकाराची गरजच पडली नाही बघा. वजाबाकी आणि भागाकार कुठल्याही आकड्यांवर चालतो. प्रसामान्य वितरण लागतं ते पुढच्या पायरीला, जेव्हा आपण विचारतो की १.५ म्हणजे वर्गातले किती जण मागे? वर्गाचे मार्क खरंच घंटाकृती पसरले असतील तर याचं उत्तर तयार तक्त्यात मिळतं. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक-एक विचलन घेतलं की त्यात साधारण ६८ टक्के मुलं येतात, दोन घेतली की ९५ टक्के, तीन घेतली की ९९.७. फिजिक्सच्या आकड्यांत सांगायचं तर ६० मुलांच्या वर्गात एकेचाळीसेक मुलं ४२ ते ५८ मध्ये, आणि सत्तावन्नेक ३४ ते ६६ मध्ये. झेड १.५ च्या खाली ९३.३ टक्के येतात, म्हणजे ६० पैकी साधारण चार मुलं त्याच्या पुढे असतील. ०.५ च्या खाली ६९ टक्के, म्हणजे मॅथ्सला अठरा-एकोणीस जण पुढे. तक्ता हाताशी नसेल तर एक्सेलमध्ये हे टाका, ०.९३३२ दाखवेल:

```
=NORM.S.DIST(1.5,TRUE)
```

एक्सेलमध्ये विचलन काढताना एक गोष्ट सांभाळा, STDEV.P हा मुलांच्या संख्येने भागतो आणि STDEV.S संख्येतून एक वजा करून. आपल्या पाच मुलांवर दुसरा वापरलात तर ८ ऐवजी ८.९४ येईल आणि गोंधळ उडेल. अख्खा वर्ग हातात आहे, त्यातून नमुना काढलेला नाही, मग STDEV.P घ्यायचा. साठ मुलांवर फरक अगदी किरकोळ पडतो, ८ चे ८.०७.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मार्क घंटाकृतीच पसरतात असा काही नियम नाही, आणि लोक डोळे झाकून झेड वरून टक्के सांगतात तिथे घोळ होतो. तो आकार येतो कुठून? पुष्कळ लहान लहान, एकमेकांवर न अवलंबणाऱ्या गोष्टींची बेरीज झाली की येतो. द म्वाव्र या गणितज्ञाला १७३३ मध्ये तो नाणेफेकीच्या हिशेबात सापडला, गाऊस या दुसऱ्या गणितज्ञाने १८०९ मध्ये तो आकाशातल्या ग्रहांच्या मोजमापातल्या चुकांना लावला, दोन्हीकडे अशीच बेरीज. पेपरातले मार्क ही पण पुष्कळ छोट्या प्रश्नांची बेरीज असते म्हणून मोठ्या आणि मध्यम अवघड पेपरात आकार बऱ्यापैकी जमतो, पण प्रश्न एकमेकांपासून सुटे नसतात, ज्याचा एखादा धडा कच्चा त्याचे त्यावरचे सगळेच प्रश्न जातात, म्हणून तो बरोबर घंटेसारखा येईलच असं नाही.

प्रॅक्टिकलचं उदाहरण घ्या. समजा ३० मार्कांची प्रॅक्टिकल, सरासरी २७, विचलन २. पैकीच्या पैकी मिळालेल्याचा झेड किती? ३० वजा २७ तीन, भागिले दोन, १.५. फिजिक्सच्या ६२ इतकाच! आता तक्ता म्हणेल की ६.७ टक्के मुलं याच्याही वर आहेत, पण ३० च्या वर मार्कच नाहीत. आणि समजा साठातल्या बारा जणांना ३० पडलेत, तर त्यांच्या खरोखर मागे असलेली मुलं ४८, म्हणजे ८० टक्के, तक्त्यातले ९३ नव्हेत. झेडचा हिशेब बरोबर, टक्के मात्र खोटे, कारण मार्क वरच्या भिंतीला जाऊन गर्दी करून बसलेत आणि घंटेची उजवी बाजू कापली गेलीय. हे ओळखायची सोपी खूण अशी की सरासरीत दोन विचलनं मिळवा, पेपरच्या कमाल मार्कांच्या पुढे गेलात की तक्ता बाजूला ठेवा. २७ अधिक ४ म्हणजे ३१, गेलं पुढे. फिजिक्सला ५० अधिक १६ म्हणजे ६६, शंभरात आरामात बसतं. खालच्या टोकाला फार अवघड पेपरात हेच उलटं होतं, मुलं शून्याकडे दाटतात, तेव्हा सरासरीतून दोन विचलनं वजा करून बघायची.

दुसरी गडबड या खुणेने पकडता येत नाही. वर्गात अर्धी मुलं एन्ट्रन्सच्या क्लासला जाणारी आणि अर्धी न जाणारी असली की मार्कांचे दोन उंचवटे होतात, एक चाळिशीत एक सत्तरीत, आणि सरासरी पंचावन्न येते जिथे कुणीच नसतं. अशा वर्गात झेड ०.२ म्हणजे ‘मधला मुलगा’ असं म्हणणं चूक. हे फक्त चित्र काढल्यावर दिसतं, कागदावर शून्य ते शंभर आडवी रेघ मारायची आणि प्रत्येक मुलामागे एक टिंब, बस्स.

आणखी एक, फोंड्याच्या एखाद्या हायर सेकंडरीतला १.५ आणि म्हापशाचा १.५ एकमेकांशी लावू नका, झेड हा त्या त्या वर्गाच्या सरासरीशी बांधलेला असतो, वर्ग बदलला की तो मोडतो. जेईई मेनमध्ये पर्सेंटाइल येतात त्यांच्याशी पण याची गल्लत करू नका, तिथे घंटेचा आकार धरतच नाहीत, त्या सत्राला बसलेल्यांपैकी किती जणांना तुमच्याइतके किंवा कमी मार्क पडले हे सरळ मोजून टक्के काढतात.

म्हणून टीचरना भेटाल तेव्हा झेड सोबत दोन गोष्टी मागा, दोन्ही विषयांची सरासरी आणि विचलन, आणि जमलं तर नावं काढून टाकलेली मार्कांची यादी. यादी मिळाली तर तक्त्याची गरजच नाही, ६२ च्या वर किती जण ते बोटाने मोजा. चारच्या आसपास निघाले तर फिजिक्सचे मार्क घंटेच्या बरेच जवळ होते असं समजा, आणि बारा-पंधरा निघाले तर मला ती यादी इथेच टाका, टिंबं काढून बघू आकार कुठे बिघडलाय ते.