केबलने जोडलेल्या दोन पीसीमध्ये फाईल कॉपी एवढी स्लो का होते?

प्रश्न: ऑफिसात दोन पीसी आहेत, दोन्ही विंडोज 10, एकाच स्विचला केबलने जोडलेत. एकावरून दुसऱ्यावर 2 जीबीची फाईल टाकली की स्पीड 200-300 केबी, कधी कधी शून्यावर जाऊन थांबते. पिंग मात्र 1 एमएस येतो. अँटिव्हायरस काढून बघितला, हार्डडिस्कपण बदलली. आता स्विच बदलू का?

उत्तर:

स्विच एवढ्यात बदलू नका. पिंग स्वच्छ येतो आणि मोठी फाईल टाकली की सगळं बसतं, हे लक्षण डिस्कचं नाहीच, लाइनचं आहे. माझा पहिला संशय डुप्लेक्सवर जातो, म्हणजे दोन्ही टोकांनी एकदम बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ) या सेटिंगवर, आणि दुसरा केबलवर, आणि बऱ्याचदा पहिला दुसऱ्यामुळेच झालेला असतो, तो कसा ते खाली सांगतो. मी पुण्यात छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो आणि ही तक्रार जुन्या वायरिंगच्या जागी हमखास भेटते.

आधी तुमचा आकडा काय म्हणतोय ते बघा. लिंक गिगाबिटवरून 100 एमबीपीएसवर उतरली असती तर कॉपी स्लो झाली असती पण एकसारखी चालली असती, सेकंदाला साधारण 11 एमबी, आणि विंडोजचा तो हिरवा आलेख सपाट राहिला असता. तुमची केबीत चाललीये आणि मधेच शून्य होतीये, म्हणजे लाइन नुसती हळू नाहीये, पॅकेट वाटेत मरतायत आणि पाठवणारा पीसी ती पुन्हा पुन्हा पाठवतोय. पिंगला हे कळत नाही कारण पिंगचं पॅकेट छोटं असतं आणि सेकंदाला एकच जातं, त्याला आडवं यायला लाइनवर दुसरं कोणी नसतंच. कॉपी चालू असताना पिंग लावून बघा, तेव्हा मधे मधे Request timed out दिसायला लागेल.

आता दोन्ही पीसीवर पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed, FullDuplex
```

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, लोक इथेच फसतात. दोन्ही पीसीवर FullDuplex समोर True आलं म्हणून डुप्लेक्स बरोबर आहे असं होत नाही, कारण भांडण दोन पीसींमध्ये नसतंच, ते एका पीसी आणि स्विचच्या त्याच्या पोर्टमध्ये असतं, आणि टेबलावरचा साधा स्विच त्याच्या बाजूला काय ठरलंय ते तुम्हाला कुठेच दाखवत नाही. म्हणून LinkSpeed कडे बघा. एकावर 1 Gbps आणि दुसऱ्यावर 100 Mbps असेल तर त्या 100 वाल्या पीसीच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये Advanced टॅबवर Speed & Duplex शोधा. तिथे Auto Negotiation च्या ऐवजी 100 Mbps Full Duplex निघालं तर बहुतेक चोर सापडला.

दिसायला ते सेटिंग चांगलंच वाटतं, फुल म्हणजे दोन्हीकडून एकदम बोलता येतं, मग वाईट काय? वाईट हे की कार्डला हाताने फिक्स केलं की बरीच कार्डं समोरच्याशी बोलणी करणंच बंद करतात. स्विच ऑटोवर असतो, तो बोलणी करायला जातो आणि समोरून उत्तर येत नाही. सिग्नलवरून त्याला स्पीड 100 आहे एवढं ओळखता येतं, पण डुप्लेक्स ओळखायचा काही मार्ग नसतो, आणि अशा वेळी हाफ धरायचं असा नियमच आहे. म्हणजे पीसी फुलवर, स्विच हाफवर, दोघांचेही दिवे लागलेले, लिंक झकास. पीसी हवं तेव्हा पाठवतो, स्विच मात्र मी पाठवताना समोरून काही आलं म्हणजे टक्कर झाली असं समजून स्वतःचं पाठवणं अर्ध्यात तोडतो. ती तुटकी फ्रेम पीसीला मिळते आणि तो ती सीआरसी एरर म्हणून फेकून देतो. फाईल कॉपीत एकीकडून डेटा आणि दुसरीकडून त्याची पोच सतत चाललेली असते, म्हणजे टक्कर व्हायला भरपूर संधी. दोन्ही दिशांना फटका बसतो पण सारखा बसेलच असं नाही, म्हणून फाईल एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे टाकून बघा, जमीन-अस्मानाचा फरक आला तर संशय अजून पक्का.

पक्का पुरावा हवा असेल तर लिनक्स टाकलेला एखादा लॅपटॉप घ्या (पेनड्राइव्हवरून चालवलेलं उबंटूपण चालतं), त्या पीसीची केबल स्विचमधून काढून लॅपटॉपला लावा. लॅपटॉप ऑटोवरच असतो, म्हणजे तो स्विचच्या जागी बसतो, आणि स्विच जे सांगू शकत नाही ते तो सांगतो. कार्डाचं नाव तुमच्या लॅपटॉपवर जे असेल ते टाका:

```
sudo ethtool enp3s0
```

त्यात Speed: 100Mb/s आणि Duplex: Half आलं, आणि Link partner advertised auto-negotiation समोर No असेल, तर विषय संपला. ही टेस्ट करा असं मी म्हणतो कारण सगळे ड्रायव्हर सारखे वागत नाहीत, काही ड्रायव्हर फिक्स केल्यावरही बोलणी चालू ठेवतात आणि फक्त 100 फुल एवढंच पुढे करतात, मग लॅपटॉपवर Full येतं आणि तिथे मिसमॅच नसतोच.

आता उपाय एका ओळीचा आहे, ते परत Auto Negotiation करा. पण तेवढं करून उठू नका. कोणीतरी ते 100 वर फिक्स केलं होतं, आपोआप झालं नाही, मग का केलं हे शोधा.

नारायण पेठेतल्या एका प्रेसमधलं सांगतो. डिझाइनचा पीसी वर माळ्यावर, प्लेटवाला पीसी खाली, दिवाळी अंकाचे दिवस आणि मोठ्या मोठ्या पीडीएफ खाली पोचायला अर्धा अर्धा तास लागत होता, शेवटी पोरगा पेनड्राइव्ह घेऊन जिना चढ-उतर करत होता. वरच्या पीसीवर 100 फुल फिक्स, लॅपटॉपवर Half, अगदी वर लिहिलंय तसंच. ऑटोवर टाकलं आणि लिंकच जायला लागली, दिवा लागायचा, दोन-तीन सेकंदांनी विझायचा, परत लागायचा. तेव्हा मालक म्हणाले, "अहो, हे असंच होत होतं म्हणून आधीच्या माणसाने काहीतरी सेटिंग केलं होतं, त्यानंतर निदान बंद पडत नव्हतं."

म्हणजे मूळ दुखणं केबलचं. केबलमध्ये चार जोड्या असतात. 100 ला त्यातल्या दोनच लागतात, नेहमीच्या बी पद्धतीने क्रिम्प केलं असेल तर केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. पण गंमत अशी की किती स्पीडवर चालायचं याची बोलणी फक्त त्या केशरी-हिरव्यावरच होते, त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी दोन्हीकडची कार्डं गिगाबिट ठरवून मोकळी होतात आणि प्रत्यक्ष लिंक उभी राहायला गेली की पडते. काही कार्डं दोन-चार वेळा आपटून स्वतःहून 100 वर उतरतात, काही नुसती उघडझाप करत बसतात. तिथलं कार्ड उघडझापवालं होतं. आधीच्या माणसाने 100 वर फिक्स केलं तेव्हा तुटकी जोडी वापरातून गेली, लिंक टिकली, आणि त्याच्या बदल्यात हा मिसमॅच गळ्यात पडला.

केबल जिन्याच्या कठड्याला खिळ्याच्या क्लिपने ठोकलेली होती. टेस्टर लावला तर आठही दिवे लागले. मग एकाने टेस्टरकडे बघायचं आणि दुसऱ्याने केबल क्लिपपाशी थोडी थोडी वाकवत खाली यायचं असं केलं, आणि वळणावरच्या क्लिपपाशी दाबली की 4 आणि 5 चे दिवे जायचे, ती निळी जोडी. वरचं कव्हर सोललं तर आत तार मोडलेली, आणि तार तांब्याची नव्हतीच, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ही स्वस्तातली केबल तपकीर गल्लीत मागितली नाही तरी हातात पडते, वळणावर लवकर मोडते, म्हणून घेताना शुद्ध तांब्याची म्हणून सांगून घ्या आणि ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी चमक दिसली तर परत द्या. जुन्या केबलला मधे जोड देऊ नका, जोडीचा पीळ तिथे सुटतो. आम्ही पूर्ण नवीन केबल टाकली, दोन्हीकडे ऑटो, लिंक 1 Gbps ला आली, आणि कॉपी जुन्या हार्डडिस्कच्या वेगाने म्हणजे 80-90 एमबीने चालायला लागली.

तुमच्याकडे सगळीकडे आधीपासून ऑटोच निघालं तर थेट केबल धरा. फक्त केबल खराब असेल तेव्हा सीआरसी एरर येतात पण टकरा नसतात. विंडोजवर कॉपीच्या आधी आणि नंतर हे टाकून Errors ची ओळ बघा:

```
netstat -e
```

आकडा चढला तर शंका खरी. न चढला तर मात्र लगेच केबल निर्दोष समजू नका, काही ड्रायव्हर हा आकडा देतच नाहीत. त्यापेक्षा दोन्ही पीसी स्विचजवळ आणून छोट्या चांगल्या पॅच कॉर्डने जोडा आणि तीच 2 जीबीची फाईल टाका. इथे वेगात गेली तर भिंतीतली केबल किंवा तिचे जॅक. इथेही रडली तर पोर्ट बदलून बघा, आणि पोर्ट बदलूनही तेच असेल तरच स्विचकडे वळा.