मिनिमम बॅलन्सचा दंड आणि बाईंचा पहिला तक्रारअर्ज

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका. माझ्या बचत खात्यात सरासरी ५,००० रुपये ठेवावे लागतात. गेल्या महिन्यात दवाखान्यामुळे ४,६०० राहिले. पासबुक भरून आणलं, तर दंडाचे ५९० रुपये वजा! ना पत्र, ना मेसेज. काउंटरवर म्हणाले, ‘सिस्टीमने कापलेत.’ आयुष्यात कधी तक्रार केली नाही. तीन पानी पत्र लिहिलंय, सोबत जोडलंय. पाठवू का?

उत्तर: बाई, तक्रार जरूर करा, पण हे पत्र नको. पहिली दोन पानं बँकेशी असलेल्या जुन्या नात्यावर गेली आहेत, दंडाची तारीख तिसऱ्या पानावर सापडते, आणि पैसे परत करा असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. संकोच असावा. पण मागणीच नसेल तर बँक खेद व्यक्त करून फाईल बंद करते.

तुमची बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, ती भरून काढायला महिनाभराची मुदत द्यायची आणि मगच दंड लावायचा. शिवाय दंड तुटीच्या प्रमाणात हवा. तुमची तूट ४०० रुपयांची, दंड ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०. तुटीपेक्षा दंड मोठा, हे कुठलं प्रमाण?

एक मात्र आधी तपासा. बँकेकडे तुमचा कुठला मोबाइल नंबर आहे? जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर मेसेज गेला असेल, तर ‘कळवलंच नाही’ हा मुद्दा लंगडा पडतो. प्रमाणाचा मुद्दा तरीही उरतो.

आता शाखाधिकाऱ्यांना एवढंच लिहा: ‘माझ्या खात्यातून अमुक तारखेला किमान शिलकीच्या दंडापोटी ५९० रुपये वजा झाले. त्यापूर्वी मला सूचना मिळाली नाही. दिली असल्यास तिची तारीख व प्रत द्यावी. ४०० रुपयांच्या तुटीवर हा आकार कसा काढला, ते कळवावे. अन्यथा जीएसटीसह पूर्ण रक्कम खात्यात जमा करावी.’ जीएसटीचा उल्लेख गाळू नका, नाहीतर ५०० परत येतात आणि ९० तिथेच राहतात. खाते क्रमांक, सही, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शिक्का द्यायला कां-कूं केली, तर स्पीड पोस्टाने पाठवा.

ही पोच जपा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र बँकेकडे आधी लेखी तक्रार केली नसेल, तर लोकपाल ती घेत नाहीत. उशीर करू नका, तिथेही मुदत असते. आणि आमच्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण तिथे वकिलामार्फत केलेली तक्रार चालतच नाही. भाचा-पुतण्या चालेल, त्याला लेखी अधिकार द्या.