जुन्या पाहुण्याला समुद्राकडची खोली सुचवताना: आधी कारण, मग भाव

प्रश्न: गुहागरला आमचा छोटा होमस्टे आहे. जुन्या पाहुण्यांना समुद्राकडची खोली सुचवणारा मेल पाठवतो, पण तो जाहिरातीसारखा वाटतो, कुणी उत्तरच देत नाही. कसं लिहावं?

लिहायला बसण्याआधी त्या पाहुण्याच्या मागच्या मुक्कामाची नोंद काढा. त्याला हीच खोली का, याचं एक कारण त्यात सापडलं तरच मेल लिहा. नाही सापडलं तर भाषा कितीही गोड केली तरी ती जाहिरातच होणार.

समजा, एक जोडपं मागच्या बाजूच्या खोलीत राहून गेलंय. रोज संध्याकाळी तुमच्याकडून खुर्च्या मागून घ्यायचं आणि सुरूच्या बनापाशी जाऊन बसायचं. आता ते परत येतायत. त्यांना मी असं लिहीन:

विषय: शुक्रवारच्या तुमच्या खोलीबद्दल

नमस्कार ताई,
शुक्रवारी तुम्ही दोघं येताय, तुमची नेहमीची खोली ठेवली आहे. मागच्या वेळी सूर्यास्त बघायला खुर्च्या घेऊन जायचात, म्हणून विचारते. वरची समुद्राकडची खोली त्या दोन्ही रात्री रिकामी आहे, तिच्या व्हरांड्यातूनच सूर्यास्त दिसतो. दोन रात्रींचे मिळून, कर धरून, १,८०० रुपये जास्त होतील. जिना जरा उभा आहे आणि रात्रभर गाज ऐकू येते. हवी असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत याच मेलवर नुसतं ‘हो’ कळवा, नंतर ती दुसऱ्यांना देईन. नको असेल तर काहीच कळवू नका, तुमची खोली पक्की आहे.

यात ‘खास तुमच्यासाठी’, ‘मर्यादित संधी’ असं काही नाही, फोटो नाहीत, बटण नाही. खाली तुमचं नाव आणि फोन नंबर टाका, आणि ज्या पत्त्यावर उत्तर देता येतं तिथूनच पाठवा. जिन्याची आणि गाजेची गोष्ट मात्र गाळू नका. खोलीचं उणं तुम्हीच सांगितलंत की बाकीच्यावरही विश्वास बसतो. बरोबर गुडघे दुखणाऱ्या आजी असतील तर ही खोली सुचवूच नका.

नोंदीतलं काय वापरायचं, याला हद्द आहे. त्यांनी स्वतः सांगितलेलं किंवा तुमच्याकडे मागितलेलं तेवढंच लिहा. कानावर पडलेलं, म्हणजे घरातली कुरबूर, तब्येत, कोण किती प्यायलं, ते मेलमध्ये आलं की पाहुण्याला वाटतं, आपल्यावर नजर होती.

मेल चार-पाच दिवस आधी पाठवा. त्याहून आधी पाठवलात तर ती खोली पूर्ण भाड्याने जायची शक्यता हातची जाते. आदल्या दिवशी पाठवलात तर ते निघायच्या गडबडीत असतात. एका खोलीसाठी एका वेळी एकालाच विचारा. दोघांचं ‘हो’ आलं तर एका जुन्या पाहुण्याला नाही म्हणावं लागेल. मुदत संपली की मगच पुढच्याला.

‘म्हणजे आमची खोली गेली का?’ असा फोन आला, तर खोली पक्की असल्याचं वाक्य मेलमध्ये फार खाली राहिलंय. ते पहिल्या ओळीत घ्या.